चुकांच्या यादीचा फोटो हरवला, आता सस्पेन्स खातं कसं मिटवायचं?



आजची पोस्ट जरा लांब आहे. पण जूनला मासेमारी बंदी लागते, बोटी किनाऱ्याला लागतात आणि सभासद आपापलं येणं-देणं बघायला कार्यालयात येतात. त्या वेळी ही माहिती उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

31 मार्चला वर्ष संपतं आणि तेरीज काढायची वेळ येते. गुजरातीत तिलाच काचुं सरवैयुं म्हणतात. नावे आणि जमा या दोन बाजूंची बेरीज सारखी यायला हवी, पण येत नाही. ऑडिटसाठी कागद पुढे न्यायचे असतात, म्हणून जेवढा फरक असेल तेवढी रक्कम तात्पुरती एका खात्यात टाकतात. ते सस्पेन्स खातं. पुस्तकी मराठीत निलंबन खातं, गुजरातीत उपलक खातुं. मग कुणीतरी बसून वह्या तपासतो, चुका एका कागदावर लिहितो, त्याचा मोबाईलवर फोटो काढतो आणि कागद कुठेतरी जातो. पुढे मोबाईल बदलतो किंवा जागा करायला फोटो पुसले जातात. हातात उरतं फक्त सस्पेन्स खात्यातली एक रक्कम.

अशा वेळी बरेच जण त्या रकमेवरून यादी परत जुळवायला बसतात. आमचं सांगणं एवढंच आहे की रकमेवरून यादी तयार होत नाही. यादी वह्यांवरून तयार होते, आणि रक्कम फक्त शेवटी ताळा बघायला वापरायची. असं का, ते एका उदाहरणातून बघू. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुठल्याही संस्थेचे नाहीत.

आधी हे करा

फोटो आपल्या मोबाईलमधून गेला असेल, पण तो ज्यांना पाठवला होता त्यांच्याकडे असू शकतो. खजिनदार, ऑडिटरच्या ऑफिसातला माणूस, ग्रुपमधले इतर, सगळ्यांना विचारा. मोबाईलवर Google Photos मध्ये बॅकअप चालू असेल तर पुसलेला फोटो Trash मध्ये 60 दिवस राहतो. तिथेही बघा.

फोटो नाहीच मिळाला तरी एक खूण हमखास उरलेली असते. ज्याने यादी केली त्याने वह्या तपासताना पेन्सिलने टिका केलेल्या असतात, कुठे गोल केलेला असतो, कुठे प्रश्नचिन्ह. त्या पानांचे नंबर आधी टिपून घ्या. आणि तोपर्यंत वहीत एकही आकडा खोडू नका, व्हाइटनर लावू नका, पेन्सिलची खूण पुसू नका. चुकीचा आकडा हाच चुकीचा पुरावा असतो. तो खोडला की दुरुस्तीची नोंद कशाच्या आधाराने केली हे ऑडिटरला दाखवता येत नाही.

आपलं उदाहरण

समजा एका मच्छीमार सोसायटीची तेरीज अशी आली:

नावे बाजूची बेरीज: 18,46,320
जमा बाजूची बेरीज: 18,44,280
फरक: 2,040

जमा बाजू कमी पडते, म्हणून 2,040 सस्पेन्स खात्यात जमा टाकले. यादीचा फोटो हरवला. खजिनदारांना एवढंच आठवतं की "कुठली तरी जमेची रक्कम उलट्या बाजूला गेली होती".

आता हिशोबातला एक जुना ठोकताळा आहे. एखादी रक्कम उलट्या बाजूला गेली तर फरक तिच्या दुप्पट पडतो, कारण एका बाजूला ती कमी होते आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच वाढते. म्हणून फरकाचा अर्धा करून तो आकडा वहीत शोधायचा. 2,040 चे अर्धे 1,020. कॅश बुक चाळली तर खरंच सापडलं: जुनी पिंपं आणि तुटक्या पेट्या भंगारात विकल्या, 1,020 रुपये जमा. शेजारी पेन्सिलची टीकही आहे. खजिनदारांची आठवण जुळली, आकडा जुळला, टीक जुळली. लगेच नोंद करून टाकावी असं कुणालाही वाटेल: सस्पेन्स नावे 2,040, भंगार विक्री जमा 2,040. सस्पेन्स शून्य, काम संपलं.

पण खतावणीत भंगार विक्रीचं खातं उघडून बघितलं तर 1,020 जमा बाजूलाच बरोबर पडलेले आहेत. म्हणजे वरची नोंद केली असती तर भंगाराचं उत्पन्न 1,020 च्या जागी 3,060 दिसलं असतं, आणि खऱ्या चुका होत्या तिथेच राहिल्या असत्या. सस्पेन्स मात्र मिटलेलं दिसलं असतं. पेन्सिलची टीक ही फक्त "हे बघितलं" याची खूण होती, "हे चुकलं" याची नव्हे.

दुसरा ठोकताळा नऊचा. आकड्यांची अदलाबदल झाली तर फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. हे दोन्ही ठोकताळे खरे आहेत, पण चूक एकच असेल तेव्हाच कामाला येतात. चुका तीन-चार असल्या, त्यातल्या काही नावेच्या आणि काही जमेच्या असल्या, तर त्या एकमेकींना खातात आणि फरकात त्यांची ओळख उरत नाही. 2,040 ला 9 ने भाग जात नाही, पण या वह्यांत अदलाबदलीची चूक आहे. ती पुढे बघू.

वहीवार शोध

म्हणून रक्कम बाजूला ठेवायची आणि एकेक वही घ्यायची. सगळ्यात आधी तेरीजच. खतावणीतली प्रत्येक शिल्लक तेरजेत बरोबर उतरली का, बरोबर बाजूला उतरली का, आणि बेरीज बरोबर आहे का. बऱ्याचदा शोध इथेच संपतो. आपल्या उदाहरणात तेरीज ठीक निघाली, तेव्हा पुढे गेलो.

*विक्री वह्यांच्या बेरजा.* बर्फ विक्रीच्या वहीत प्रत्येक सभासदाच्या नावाने रोजचा बर्फ लिहितात. सभासदाच्या खात्यात त्याची त्याची रक्कम नावे पडते, पण बर्फ विक्री खात्यात महिन्याची एकच बेरीज जमा पडते. त्यामुळे बेरीज चुकली तर सभासदांची खाती बरोबर राहतात आणि फक्त विक्री खातं चुकतं. बेरजा परत मारल्या तर डिसेंबरची बेरीज 1,000 ने कमी निघाली. एका पानावरून दुसऱ्या पानावर रक्कम पुढे नेताना हजार सुटले होते. चूक पहिली: जमा 1,000 ने कमी.

*कॅश बुकवरून खतावणी.* आता कॅश बुकची प्रत्येक ओळ खतावणीत गेली का ते बघायचं. दोघांनी बसावं. एकाने कॅश बुकमधून वाचावं, दुसऱ्याने खतावणीत बघून वेगळ्या रंगाच्या पेन्सिलने टीक करावी. जुन्या टिकांवर विसंबू नये. इथे दोन गोष्टी सापडल्या. टेम्पोचं भाडं 640 कॅश बुकमधून गेलं, पण टेम्पो भाडे खात्यात आलंच नाही. चूक दुसरी: नावे 640 ने कमी. आणि एका सभासदाने कर्जापोटी 5,640 भरले, ते त्याच्या खात्यात 5,460 जमा झाले. चूक तिसरी: जमा 180 ने कमी. ही ती अदलाबदल. सहा आणि चार यांनी जागा बदलल्या. 180 ला 9 ने भाग जातो, पण इतर चुकांत मिसळल्यावर ते कळायला मार्ग राहिला नाही.

*सुटीचा रकाना.* ही जागा खास तपासा. डिझेल पंपवाल्याने किंवा जाळं विकणाऱ्या व्यापाऱ्याने बिलात सूट दिली की ती कॅश बुकच्या जमा म्हणजे खर्चाच्या बाजूला वेगळ्या रकान्यात लिहितात. त्या बाजूच्या बाकी सगळ्या ओळी खतावणीत समोरच्या खात्याला नावे पडतात. लिहिणारा ओघात असतो, त्याच ओघात तो सुटीची बेरीजही सूट खात्याला नावे टाकतो. पण मिळालेली सूट हे उत्पन्न आहे, ती जमाच पडायला हवी. आपल्या उदाहरणात 750 ची सूट अशीच नावे गेली होती. जमा 750 ने कमी आणि नावे 750 ने जास्त, म्हणजे फरक 1,500. चूक चौथी. खजिनदारांना आठवत होती ती हीच. आठवण खरी होती, फक्त रक्कम वेगळी होती.

सुरतेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे वही कधी गुजरातीत असते, तर लिहिणारा मराठी शाळेत शिकलेला असतो. गुजराती हिशोबात उधार म्हणजे आपली नावे बाजू. मराठीत बोलताना मात्र उधार म्हटलं की उधारीवर दिलेला माल डोळ्यासमोर येतो. माणूस बदलला त्या महिन्यातली पानं बाजू उलटली आहे का यासाठी वेगळी बघा.

दुरुस्तीच्या नोंदी

चारही चुका एकबाजूच्या आहेत. एकच बाजू चुकली होती, म्हणून दुसऱ्या बाजूला सस्पेन्स येतं:

1. सस्पेन्स नावे 1,000, बर्फ विक्री जमा 1,000
2. टेम्पो भाडे नावे 640, सस्पेन्स जमा 640
3. सस्पेन्स नावे 180, त्या सभासदाचं खातं जमा 180
4. सस्पेन्स नावे 1,500, मिळालेली सूट जमा 1,500

आता ताळा. सस्पेन्स खात्यात जमा बाजूला आधीचे 2,040 आणि नंतरचे 640 मिळून 2,680. नावे बाजूला 1,000, 180 आणि 1,500 मिळून 2,680. खातं मिटलं.

पण यादी अजून पूर्ण नाही

हरवलेल्या यादीत अशाही चुका असू शकतात ज्यांनी तेरजेत फरकच पडत नाही. दोन्ही बाजूंना सारखी चूक झाली, किंवा दोन्ही बाजूंना नोंदच झाली नाही, तर बेरजा जुळतात. अशा चुकांचा सस्पेन्स खात्याशी संबंध नसतो. सस्पेन्स शून्य झालं म्हणून थांबलात तर त्या कायमच्या गेल्या. त्या शोधायला सोसायटीच्या वह्या पुरत नाहीत, बाहेरचे कागद लागतात.

डिझेल पंपाकडून वर्षभराच्या खात्याचा उतारा मागवला. त्यात 9,200 चं एक बिल निघालं जे आपल्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. डिझेल बोटींना विकून झालेलं, त्याची विक्री लिहिलेली, खरेदी मात्र नाही. नोंद: डिझेल खरेदी नावे 9,200, पंपाचं खातं जमा 9,200.

मग सोसायटीतल्या वस्तू मोजल्या. बर्फ फोडायची नवी मशीन समोर उभी आहे, पण मालमत्तेच्या यादीत नाही. तिची 24,000 किंमत दुरुस्ती खर्चात टाकली होती. नोंद: मशीन नावे 24,000, दुरुस्ती खर्च जमा 24,000. घसारा त्यावर वेगळा काढायचा.

शेवटी सभासदांकडच्या पावत्या आणि पासबुकं. एका सभासदाने 3,000 भरल्याची पावती आणली, त्याच्या खात्यात ते नाहीत. त्याच नावा-आडनावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यात आहेत. नोंद: दुसऱ्या सभासदाचं खातं नावे 3,000, पहिल्याचं जमा 3,000. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे तीन-तीन सभासद असतात, म्हणून खतावणीत नावाबरोबर सभासद क्रमांक लिहिलाच पाहिजे.

या तिन्ही नोंदींत सस्पेन्स कुठेच आलं नाही, हे बघा. आणि परिणाम किती ते बघा. एकबाजूच्या चुकांमुळे नफ्यात फरक पडतो तो 1,000 अधिक 1,500 वजा 640, म्हणजे 1,860 चा. सभासदाचे 180 नफ्यात येत नाहीत, ते त्याचं येणं कमी करतात. तेरजेत न दिसलेल्या चुकांमुळे मात्र 24,000 वजा 9,200, म्हणजे 14,800 चा फरक पडतो. सगळं मिळून नफा 16,660 ने वाढला. ज्या सभासदाचे 3,000 दुसऱ्याच्या नावावर होते, त्याला तर व्याजाचाही भुर्दंड बसत राहिला असता. 2,040 च्या मागे लागलेल्या माणसाला यातलं काहीच दिसलं नसतं.

पूर्ण रक्कम नाही सापडली तर?

समजा वरचे 180 सापडलेच नाहीत. तर सस्पेन्स खात्यात 180 जमा शिल्लक राहू द्या आणि ताळेबंदात देण्याच्या बाजूला तसंच दाखवा. किरकोळ उत्पन्न म्हणून टाकू नका. ते 180 कुणाच्या तरी कर्जातून वजा व्हायचे बाकी आहेत. एखाद्या दिवशी तो सभासद पावती घेऊन येईल, तेव्हा नोंद करायला ते खातं उघडं असायला हवं. शिल्लक छोटी आहे म्हणून चूकही छोटीच असेल असंही धरू नका. दहा हजारांची एक नावेची चूक आणि 9,820 ची एक जमेची चूक मिळूनही 180 च उरतात.

चुका मागच्या वर्षाच्या असतील आणि ते वर्ष बंद झालं असेल, तर विक्री, भाडं, सूट, डिझेल खरेदी, दुरुस्ती खर्च या खात्यांत आता नोंद टाकू नये. नाहीतर यंदाचा नफा चुकतो. त्या रकमा मागील वर्षाच्या समायोजनाच्या वेगळ्या खात्यात न्यायच्या. सभासदाचं खातं, पंपाचं खातं, मशीन ही खाती पुढच्या वर्षात चालूच असतात, त्यांच्यात सरळ नोंद होते. ऑडिट झालेल्या वर्षाच्या वह्या परत उघडायच्या नाहीत. गुजरात सहकारी संस्था कायदा, 1961 प्रमाणे संस्थेचं ऑडिट होतं, तेव्हा दुरुस्ती कशी दाखवायची हे आधी आपल्या ऑडिटरला विचारून घ्या.

हिशोब टॅलीत असेल तर थोडं वेगळं आहे. टॅली दोन बाजू जुळल्याशिवाय व्हाउचर घेतच नाही, त्यामुळे अर्धवट खतावणी होत नाही. सुरुवातीच्या शिलका चुकीच्या भरल्या असतील तर ताळेबंदात Difference in opening balances अशी ओळ दिसते. तिथे मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि भरलेल्या शिलका एकेक जुळवायच्या. चुकीच्या सभासदाला जमा, मशीन खर्चात, बिल राहिलं, या चुका मात्र टॅलीतही तशाच होतात आणि तशाच लपतात.

नवी यादी कशी लिहावी

चुकांच्या रजिस्टरमध्ये, सुट्या कागदावर नाही. प्रत्येक चुकीला एक ओळ: तारीख, वही आणि पान, व्हाउचर किंवा पावती नंबर, काय लिहिलं होतं, काय हवं होतं, सस्पेन्सवर परिणाम आहे की नाही, आणि दुरुस्तीच्या नोंदीचा नंबर. वर "पुन्हा तयार केलेली यादी" असं लिहून आजचीच तारीख घाला, जुनी नको. तपासणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. नंतर जुना फोटो सापडला तर दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. जुन्या यादीत असलेली एखादी चूक नव्या यादीत नसेल तर ती वहीत जाऊन तपासा, आणि खरी निघाली तर पुढच्या ओळीत जोडा.

सभासदांसाठी एकच विनंती. तुमच्याकडच्या पावत्या फेकू नका, आणि बंदीच्या काळात पासबुक घेऊन एकदा कार्यालयात या. वरच्या सात चुकांपैकी एक तर फक्त सभासदाच्या पावतीमुळेच सापडली, आणि 180 ची चूकही पावतीवरून एका मिनिटात कळली असती.

कळावे,
सेक्रेटरी, सोसायटी कार्यालय